आकाशातून बट कशी उचलायची?

प्रश्न : माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पन्हाळ्यावर काढलेल्या एका प्री-वेडिंग फोटोत मुलीचे मोकळे केस वाऱ्यावर उडालेत आणि मागे निरभ्र आकाश आहे. गिऱ्हाइकाला आकाशाच्या जागी जुन्या वाड्याची लाकडी भिंत हवी आहे. पेन टूलने कटिंग केलं तर केस कात्रीने छाटल्यासारखे दिसतात. क्विक सिलेक्शन वापरलं तर बटांच्या मधे आकाशाचे तुकडे राहतात. एकाने सांगितलं, ‘चॅनेलवरून कर.’ करून पाहिलं, तर मुलगी अर्धपारदर्शक झाली आणि केसांना निळसर कड आली. चॅनेलवरून म्हणजे नेमकं काय करायचं?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलगी अर्धपारदर्शक होणं पाच मिनिटांत निस्तरता येतं. निळसर कड मात्र खरी डोकेदुखी. चॅनेलची पद्धत शिकवणारे बरेच जण नेमके तिथेच येऊन थांबतात, म्हणून मी तिच्यासाठी जास्त जागा ठेवतो आहे.

आधी पेन टूल का हरतं ते पाहू. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरला, तर उभ्या फोटोत वरपासून खालपर्यंत ६००० पिक्सेल येतात. कमरेपासून वरच्या फोटोत १.२ मीटर उंचीचं दृश्य मावलं असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर आले. म्हणजे सुटा केस पिक्सेलचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतो आणि उरलेल्या भागात आकाश असतं. कॅमेरा दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदवतो. अशा पिक्सेलमध्ये कापायला कडच नसते. दुधात पाणी किती पडलंय हे रंगावरून ओळखावं, तसं इथे केसात आकाश किती मिसळलंय हे ओळखायचं असतं.

हे ओळखण्याचं साधन फोटोतच असतं. फोटोशॉपच्या दृष्टीने सिलेक्शन म्हणजे एक कृष्णधवल चित्र आहे. त्यात पांढरं म्हणजे पूर्ण निवडलेलं, काळं म्हणजे न निवडलेलं आणि मधला करडा म्हणजे तितक्या प्रमाणात निवडलेलं. लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनेलही अशीच तीन कृष्णधवल चित्रं असतात. त्यांपैकी एखाद्यात आकाश जवळपास पांढरं आणि केस जवळपास काळे असतील, तर ते चित्र थोडं साफ करून सिलेक्शन म्हणून वापरायचं. पद्धत एवढीच. बट हाताने काढायची नाही, कारण कॅमेऱ्याने ती आधीच काढून ठेवलेली आहे.

कोणता चॅनेल?

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. F8 दाबून इन्फो पॅनेल उघडा, माऊस आधी आकाशावर आणि मग दाट केसांवर न्या आणि आकडे वाचा. दुपारच्या निळ्या आकाशासमोरच्या अशा फोटोत साधारण असे आकडे दिसतील : आकाश लाल १२०, हिरवा १६५, निळा २२५. काळेभोर दिसणारे केस लाल ४८, हिरवा ३८, निळा ३२. आता प्रत्येक चॅनेलमधला फरक काढा. लालमध्ये ७२, हिरव्यात १२७ आणि निळ्यात १९३. तेव्हा इथे निळा. चॅनेल्स पॅनेलमध्ये त्याची नक्कल करा. मूळ निळ्या चॅनेलला हात लावलात तर फोटोचाच रंग बिघडेल.

मात्र ‘केसांसाठी नेहमी निळा’ असा नियम मनात पक्का करू नका. त्याच आकाशासमोर मुलीची आजी उभी असती तर? पांढऱ्या केसांचे आकडे तिन्ही चॅनेलमध्ये २१०च्या आसपास असतील. निळ्यात आकाश २२५ आणि केस २१०, म्हणजे फरक अवघा १५, आणि आजीचा अंबाडा आकाशात विरघळून जाईल. लालमध्ये मात्र आकाश १२० आणि केस २१०, फरक ९०. आजीसाठी लाल चॅनेल घ्यायचा. तिथे केस पांढरे आणि आकाश काळं करायचं असल्याने शेवटी उलटवण्याचीही गरज नाही.

लेव्हल्स : काम बिघडतं ते इथे

नकलेवर Ctrl+L दाबून लेव्हल्स उघडली, की डावीउजवीकडचे त्रिकोण आत सरकवण्याचा मोह आवरत नाही. चित्र कसं झकास काळंपांढरं होतं! पण त्याच वेळी बारीक केस उडून जातात. हे आकड्यांत पाहू.

अर्धा केस आणि अर्धं आकाश असलेल्या पिक्सेलचा निळ्या चॅनेलमधला आकडा ३२ आणि २२५च्या मधोमध, म्हणजे सुमारे १२८ असणार. वीस टक्केच केस असेल तर तो १८६ भरेल. आता तुम्ही काळा त्रिकोण ९०वर आणि पांढरा १७०वर आणलात. १२८ बचावला, करडाच राहिला. पण १७०च्या वरचं सगळं पांढरंशुभ्र होतं, म्हणजे १८६ची बट आकाशात जमा झाली. ज्या भुरभुऱ्या केसांसाठी हा खटाटोप, तेच पहिल्या झटक्यात गेले.

त्रिकोण कुठे ठेवायचे हे अंदाजाने ठरवू नका, फोटोलाच विचारा. काळा त्रिकोण दाट केसांच्या आकड्यावर, ३२वर. पांढरा त्रिकोण केसांच्या आसपासचं आकाश जिथे सगळ्यात गडद आहे त्याच्या किंचित खाली. तिथे आकाश २१५ ते २३२ असं हलत असेल तर २१२ पुरेसा. या मापाने वीस टक्क्यांचा तो केस मास्कमध्ये सुमारे १४ टक्के उरतो. थोडा बारीक होतो, पण टिकतो. मधला करडा त्रिकोण शक्यतो हलवू नका. तो हलवला की सगळ्या केसांची जाडी एकदम बदलते.

आकाश वर गडद आणि क्षितिजाकडे फिकट असतं, त्यामुळे एकच आकडा संपूर्ण फोटोला क्वचितच चालतो. जिथे आकाश अजून करडं दिसतंय तिथे मोठा मऊ ब्रश, मोड ओव्हरले, रंग पांढरा, अपॅसिटी १५ ते २० टक्के, असा हलका हात फिरवा. ओव्हरलेमध्ये पांढरा रंग फिकट करड्याला पांढऱ्याकडे ढकलतो आणि पूर्ण काळ्याला धक्का लावत नाही. बटांच्या टोकांवर मात्र थांबा, कारण टोकंही फिकट करडीच असतात. डॉज टूल हायलाइट्सवर ठेवूनही हे जमतं, पण मला ब्रशवर ताबा जास्त राहतो असं वाटतं.

अर्धपारदर्शक मुलगी

आता तुमची पहिली तक्रार. गव्हाळ त्वचेचे आकडे साधारण २०५, १५५, १२५ असे असतात. निळ्यातला १२५ हा ३२ आणि २१२च्या जवळपास मधोमध आहे. म्हणून लेव्हल्सनंतर चेहरा मध्यम करडा होतो आणि मास्कमध्ये त्याचा अर्थ ‘निम्मा पारदर्शक’ असा होतो. फोटोशॉप चुकलेलं नाही. आपण त्याला अंगाचा प्रश्न विचारलाच नव्हता, फक्त केसांचा विचारला होता.

उपाय सरळ आहे. नकलेतच चेहरा, मान, खांदे, कपडे असं सगळं आतलं अंग लॅसोने घेरून काळं भरा. खांद्याची आणि हाताची कड टणक असते, तिथे पेन टूलच उत्तम. चॅनेलचं राज्य फक्त केसांच्या कडेपुरतं. डोळ्यातली चमक, दात, कानातले हे सगळे उजळ असतात आणि मास्कमध्ये त्यांची भोकं पडतात, म्हणून भरून झाल्यावर एकदा मोठं करून तपासा.

मग Ctrl+I ने उलटवा, म्हणजे मुलगी पांढरी आणि आकाश काळं. चॅनेलच्या छोट्या चित्रावर Ctrl दाबून क्लिक केलं की सिलेक्शन तयार. RGBवर परत या, लेअर निवडा, मास्क लावा. इथे बरेच जण घाबरतात, कारण धावत्या ठिपक्यांच्या रेषेत बारीक बटा दिसतच नाहीत. ती रेषा फक्त पन्नास टक्क्यांच्या वर निवडलेला भाग दाखवते. चौदा टक्के निवडलेली बट रेषेबाहेर असली तरी सिलेक्शनमध्ये आहे. रेषेकडे पाहून काही ठरवू नका, मास्क लावल्यावर Alt दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक करा आणि प्रत्यक्ष मास्कच पाहा.

गजरा असेल तर

प्रश्नात तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्री-वेडिंग म्हटल्यावर केसात गजरा असण्याची शक्यता बरीच. मोगरा पांढरा, निळ्या चॅनेलमध्ये आकाशही पांढरं, त्यामुळे गजऱ्याच्या जागी भोक पडतं. अशा वेळी एका चॅनेलमधून दुसरा वजा करायचा. निळ्यातून लाल वजा केला, तर आकाश २२५ वजा १२०, म्हणजे १०५ उरतं. केस, त्वचा आणि मोगरा या सगळ्यांत निळा लालपेक्षा जास्त नसल्याने ते शून्यावर येतात. चेहरा आणि गजरा एकदम काळे होतात, हाताने भरायचं काम वाचतं.

फोटोशॉपमध्ये Image > Calculations उघडा. Source 1 मध्ये लाल, Source 2 मध्ये निळा, Blending ला Subtract, Result ला New Channel. सगळं चित्र काळं आलं तर दोन चॅनेलची अदलाबदल करा.

‘मग सगळीकडे वजाबाकीच का नको?’ असं तुम्ही विचाराल. कारण आता हातात १०५चाच पल्ला उरला, निळ्या चॅनेलमध्ये तो १९३चा होता. तो ताणून २५५पर्यंत नेताना दोन्ही चॅनेलमधले दाणेही ताणले जातात आणि बटा खरखरीत होतात. मी आतलं अंग आणि गजरा वजाबाकीवरून घेतो, बाहेरच्या बटा निळ्यावरून.

हा विचार फोटोशॉपपेक्षा बराच जुना आहे. पेट्रो व्लाहोस या अमेरिकन तंत्रज्ञाने निळ्या पडद्यासमोरच्या चित्रीकरणासाठी चॅनेलमधल्या फरकावर आधारलेली पद्धत फिल्मच्या काळात बसवली होती, आणि १९५९च्या ‘बेन-हर’मध्ये ती वापरली गेली. मोकळे केस, धूर, काच अशा अर्धवट दिसणाऱ्या गोष्टी तोवरच्या पद्धतींना नीट पेलत नव्हत्या. संगणकावर पारदर्शकतेसाठी वेगळा अल्फा चॅनेल ठेवण्याची कल्पना त्यानंतरची, एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांची, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातली.

निळी कड

मास्क अगदी अचूक केलात तरी ही कड येणारच. कारण मास्क फक्त ‘किती’ हे सांगतो, ‘कोणत्या रंगाचं’ हे सांगत नाही.

तो अर्धा केस, अर्धं आकाश असलेला पिक्सेल पुन्हा घेऊ. त्याचा रंग ८४, १०१, १२८, म्हणजे निळसर करडा. मास्क म्हणतो, हा निम्मा दाखव. वाड्याच्या भिंतीचा गडद लाकडी रंग ६०, ४०, ३० धरू. दोन्हींचा निम्मा निम्मा भाग मिळून ७२, ७०, ७९ येतो. प्रत्यक्षात यायला हवा होता शुद्ध केसाचा निम्मा आणि भिंतीचा निम्मा, म्हणजे ५४, ३९, ३१. जुनं आकाश पिक्सेलच्या रंगात लपून आत आलं आणि भिंतीसमोर निळसर राखाडी बट उभी राहिली. फिकट आकाशाऐवजी दुसरं फिकट आकाश लावलं असतंत, तर हा घोटाळा कुणाच्या लक्षातही आला नसता. गडद भिंतीने तो उघडा पाडला.

मास्क आकसून कड घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कड जाते, पण तिच्याबरोबर बटाही जातात. दुरुस्ती रंगात करायची, मास्कमध्ये नाही. मुलीच्या लेअरच्या वर एक कोरा लेअर घ्या आणि Ctrl+Alt+G ने तो खालच्या लेअरला क्लिप करा. ब्रश हातात असताना Alt दाबून आतल्या दाट केसांचा रंग उचला आणि मोड नॉर्मल ठेवूनच बाहेरच्या भुरभुऱ्या कडेवर सरळ रंग द्या. केसांवर सपाट रंग दिल्यासारखं वाटेल, पण इथे तो चालतो. बटेचा आकार मास्क देतो आहे, रंगाने फक्त केसाचा रंग असायचं आहे. दाट केसांवर मात्र जाऊ नका, तिथली चमक आणि पोत पुसला जाईल. उन्हात केस टोकाला तपकिरी होत असतील तर रंग दोनतीनदा नव्याने उचला.

सिलेक्ट अँड मास्कमधलं ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ हे काम आपोआप करतं, जवळच्या पूर्ण निवडलेल्या भागाचा रंग कडेवर ओढून. सोप्या फोटोत छान जमतं. केसांच्या शेजारी लाल ओढणी असेल तर तिचाही रंग बटांत ओढला जातो, हे ध्यानात ठेवा. त्यात मूळ पिक्सेल बदलतात, म्हणून फोटोशॉप निकाल नव्या लेअरवर देतं.

फाइल कोणती आहे?

हे सगळं करूनही बटा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत असतील तर फाइलकडे पाहा. जेपीईजी साठवताना उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवली जाते आणि रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर आणली जाते. डोळ्यांना हे जाणवत नाही. पण निळा चॅनेल पुन्हा उभा करताना त्या कमी केलेल्या रंगाच्या माहितीवरच सर्वांत जास्त भर पडतो. त्यातच सेन्सरवर निळ्या फिल्टरचे ठिपके एकूणच्या पाव, हिरव्याचे निम्मे. म्हणून निळा चॅनेल तिघांत सगळ्यात खरखरीत असतो. नक्कल करण्याआधी निळा चॅनेल ३०० टक्क्यांवर पाहा. चौकोनी ठोकळे दिसले तर फरक १९३ऐवजी १२७ असला तरी हिरवा घ्या. बटा थोड्या कमी उठून दिसतील, पण स्वच्छ येतील. रॉ फाइल असेल तर ही पाळी येत नाही. आणि गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा, त्याशिवाय कामाला हात घालू नका.

प्रश्न : गणपतीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मी काळ्या कापडासमोर उदबत्तीच्या धुराचे फोटो काढले आहेत. चॅनेलवरून सिलेक्शन करून धूर दुसऱ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर नेला, तर तो मूळ फोटोपेक्षा फारच फिका आणि मळकट दिसतो. काय चुकतंय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं काम वरच्या प्रश्नापेक्षा सोपं आहे आणि तेच तुम्हाला फसवतंय. काळ्या कापडाचा आकडा शून्याजवळ असतो, त्यामुळे पिक्सेलमध्ये जो काही उजेड आहे तो सगळा धुराचा. तीस टक्के दाट पांढरा धूर असेल तर पिक्सेलचा आकडा २५५च्या तीस टक्के, म्हणजे ७७. तो चॅनेल जसाच्या तसा मास्क असतो, केसांसारखी ओढाताण करावी लागत नाही.

चूक पुढच्या पायरीत झाली आहे. तुम्ही सिलेक्शन केलं आणि मूळ फोटोतला धूर उचलून नेला. पण त्या फोटोतला धूर आधीच ७७ आहे, त्यात काळं कापड मिसळलेलं आहे. त्याला पुन्हा तीस टक्क्यांचा मास्क लावला की हातात २३ उरतात. एकच पारदर्शकता दोनदा मोजली गेली. धूर जिथे दाट तिथे हे फारसं जाणवत नाही, विरळ भागात मात्र धूर जवळपास नाहीसा होतो आणि त्याच्या जागी काळपट मळ उरतो. केसांची निळी कड आणि तुमचा मळकट धूर यांचं कारण एकच आहे.

तेव्हा फोटो उचलूच नका, फक्त मास्क उचला. चॅनेलवर Ctrl-क्लिक करून सिलेक्शन करा आणि Layer > New Fill Layer > Solid Color ने रंगाचा लेअर घ्या. मास्क त्याला आपोआप लागतो. रंग कोणता भरायचा? उदबत्तीच्या टोकाशी निघणारा ताजा धूर बाजूने प्रकाश पडला की निळसर दिसतो, कारण त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. समजा मध्यम दाट धुराचे आकडे ७०, ८२, ९६ आहेत. निळा सगळ्यात मोठा, म्हणून मास्कसाठी निळा चॅनेल घ्या. मग प्रत्येक आकड्याला ९६ने भागून २५५ने गुणा : १८६, २१८, २५५. हा रंग भरा. काळ्यावर ठेवून पाहिलंत तर मूळ फोटोच परत दिसेल. तुमचं गणित बरोबर आहे की नाही हे तपासायची ती सोपी रीत आहे.

कापड पूर्ण काळं कधीच नसतं, ८ ते १४ असं काहीतरी असतं. लेव्हल्समध्ये काळा त्रिकोण १५वर ठेवा आणि तिथेच थांबा. ३०वर नेलात तर धुराची सगळ्यात तलम टोकं गेलीच. उदबत्तीची काडी आणि जळता निखारा मास्कमध्ये काळ्या ब्रशने पुसून टाका. विरळ धुरात पट्टे दिसत असतील तर रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडून पुन्हा करा. आठ बिटची फाइल नंतर १६ बिट केल्याने हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

‘नुसता फोटो वर ठेवून स्क्रीन मोड लावला तर?’ पांढऱ्या धुरासाठी स्क्रीन मोडचं गणित आणि वर सांगितलेलं गणित तंतोतंत सारखं आहे, म्हणून गडद पार्श्वभूमी असेल तर खुशाल तेच करा. अडचण येते ती पत्रिका पिवळी किंवा पांढरी असेल तेव्हा. स्क्रीन फक्त उजळ करू शकतो, पांढऱ्यावर त्याचं काही चालत नाही. उजळ आकाशासमोर खरा धूरही गडद, तपकिरी दिसतो. तेव्हा सॉलिड कलरवर दोनदा क्लिक करून रंग राखाडी-तपकिरी करा. मास्क तोच राहील, धूर मात्र पिवळ्यावरही दिसेल.

प्रश्न : हे सगळं फुकटच्या जिंपमध्ये जमतं का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जमतं. चॅनेल्सच्या खिडकीत निळ्यावर उजवं क्लिक करून त्याची नक्कल करा, नक्कल निवडलेली असतानाच Colors > Levels वापरा, मग उजव्या क्लिकमधून Channel to Selection.

धुरासाठी मात्र जिंपकडे याहून सरळ रस्ता आहे. Colors > Color to Alpha मध्ये काळा रंग निवडा. ते पारदर्शकता तर काढतंच, शिवाय प्रत्येक पिक्सेलच्या रंगातून काळा वजा करून मूळ रंगही परत मिळवतं. ठाण्याच्या वाचकांना हाताने करावा लागलेला भागाकार इथे प्रत्येक पिक्सेलसाठी होतो.

केसांवर हेच वापरायचं असेल तर आकाशाचा रंग केसांच्या अगदी शेजारून उचला, क्षितिजाजवळून नको. बटा चांगल्या सुटतात आणि निळी कडही बरीचशी जाते, पण ज्या ज्या पिक्सेलमध्ये त्याला आकाशाचा अंश सापडेल तिथे चेहराही पारदर्शक होतो. म्हणून आधी लेअरची एक प्रत खाली ठेवा, तिच्यावर काळा मास्क लावा आणि फक्त आतलं अंग पांढऱ्याने भरा. ही भरलेली सीमा दाट केसांच्या आत राहू द्या, बटांपर्यंत नेऊ नका.